चार्जरचा ठोकळा तापतो का, आणि किती तापला तर चालतं?

फोन चार्जिंगला लावून अर्ध्या तासाने चार्जर काढायला जावं, तर हाताला चांगलाच गरम लागतो. घरातलं कोणीतरी म्हणतं, "काढ तो, जळेल." दुसरं कोणी म्हणतं, "सगळेच तापतात." दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. चार्जर तापणारच, पण किती तापला तर ठीक याचा हिशेब घरच्या घरी करता येतो. त्यासाठी दोन आकडे लागतात. एक ठोकळ्याचं तापमान आणि दुसरा खोलीचं. नुसतं "चार्जर 62 अंशांवर गेला" म्हटल्याने काहीच कळत नाही, कारण तोच चार्जर डिसेंबरात पुण्यात 50 दाखवेल आणि मे महिन्यात नागपुरात 70. दोन्ही वेळा तो अगदी ठणठणीत असू शकतो.

उष्णता येते कुठून

भिंतीतल्या सॉकेटमध्ये 230 व्होल्टचा एसी असतो, फोनला 5 किंवा 9 व्होल्टचा डीसी हवा असतो. हा उतार करताना ठोकळ्यात चार ठिकाणी वीज वाया जाते.

आत शिरल्या शिरल्या चार डायोडचा ब्रिज एसीचा डीसी करतो आणि एका मोठ्या कपॅसिटरमध्ये साधारण 325 व्होल्ट साठतात. (230 हे सरासरी धरलेलं मूल्य, लाटेचं टोक 325 ला असतं.) मग एक मॉस्फेट, म्हणजे झटपट चालू-बंद होणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, हा डीसी सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून छोट्या ट्रान्सफॉर्मरमध्ये ढकलतो. प्रत्येक चालू-बंदला थोडी वीज मॉस्फेटमध्ये उष्णता होऊन जाते. ट्रान्सफॉर्मरची तांब्याची तार आणि फेराइटचा गाभा आपापला वाटा खातात. शेवटी बाहेर पडताना पुन्हा एकदा डायोड लागतो, आणि हे शेवटचं ठिकाण जरा जवळून बघण्यासारखं आहे.

साध्या चार्जरमध्ये इथे शॉट्की डायोड असतो. त्यातून प्रवाह जाताना साधारण 0.4 व्होल्ट तिथेच पडतात. 5 व्होल्ट 3 अँपिअरने चार्जिंग चालू असेल तर 0.4 गुणिले 3, म्हणजे 1.2 वॅट एकट्या डायोडमध्ये जळतात. चांगल्या चार्जरमध्ये डायोडच्या जागी मॉस्फेट बसवलेला असतो. त्याचा रोध 10 मिलीओहम धरला तर 3 अँपिअरला नुकसान 0.09 वॅट होतं. एकाच जागी तेरा पटींचा फरक. दोन चार्जरवर आकडे सारखेच छापलेले असतात, तरी एक कोमट राहतो आणि दुसरा कढत होतो, त्याचं हे एक मोठं कारण.

हे सगळं नुकसान मिळून किती? चार्जरच्या लेबलवर छोट्या वर्तुळात रोमन सहाचा आकडा असतो. ही कार्यक्षमतेची सहावी पातळी. 2016 पासून अमेरिकेत ती सक्तीची झाली आणि जगभर विकायचे चार्जर त्याच हिशेबाने बनू लागले. या पातळीत 18 वॅटच्या चार्जरची सरासरी कार्यक्षमता किमान 85 टक्के लागते आणि 49 वॅटच्या वर किमान 88 टक्के. उरलेले 12-15 टक्के ठोकळ्यात उष्णता होऊन बाहेर पडतात. ते दुसरीकडे कुठे जाणार?

लेबलवरचा इनपुटचा 0.5 किंवा 0.6 अँपिअरचा आकडा बघून काही जण 230 ने गुणतात आणि "हा चार्जर सव्वाशे वॅट खातो" म्हणून घाबरतात. तो आकडा 100 व्होल्टला, पूर्ण भारावर, लाटेच्या वाकड्या आकारासकट धरलेला वरचा आकडा असतो. उष्णतेच्या हिशेबात त्याचा काही उपयोग नाही. आपल्याला लागतो तो आउटपुटचा आकडा.

एकच भागाकार

प्लॅस्टिकच्या ठोकळ्यातून हवेत उष्णता जाते ती दोन वाटांनी: अंगाला लागलेली हवा गरम होऊन वर जाते आणि काही उष्णता किरणांनी बाहेर पडते. पंखा नसलेल्या खोलीत दोन्ही मिळून ढोबळ प्रमाण असं पडतं: दर 1 चौरस सेंटिमीटर पृष्ठभागातून, दर 1 अंश फरकाला, साधारण 1 मिलीवॅट. त्यावरून भागाकार सोपा होतो:

```
तापमानातली वाढ (°C) = वाया गेलेले मिलीवॅट ÷ पृष्ठभाग (चौ. सेंमी)
```

18 वॅटचा एक चार्जर घेऊ. 9 व्होल्ट 2 अँपिअर देणारा, 5 सेंमी लांब, 4.5 रुंद, 2.8 जाड. सहाही बाजूंचं क्षेत्रफळ 98 चौरस सेंमी भरतं. पिनांची बाजू बोर्डाला चिकटलेली असते, तिथून हवा खेळत नाही, म्हणून तिचे 12.6 वजा करू. उरले 86.

कार्यक्षमता 87 टक्के धरू. 18 वॅट बाहेर द्यायला 20.7 वॅट आत लागतात. वाया गेले 2.7 वॅट, म्हणजे 2700 मिलीवॅट. 2700 भागिले 86, उत्तर 31.

हा चार्जर पूर्ण भारावर चालला की खोलीपेक्षा 31 अंश वर जाणार. खोली 20 अंशांना असेल तर 51, मुंबईच्या 30 अंशांच्या दमट खोलीत 61, विदर्भात मे महिन्यात दुपारी कूलर बंद असलेल्या 40 अंशांच्या खोलीत 71. चार्जर तोच, नुकसान तेवढंच, तब्येतही तीच.

हाच भागाकार आणखी एक कोडं सोडवतो. लॅपटॉपचा जुना लांबडा अडॅप्टर आणि नवा मुठीत मावणारा गॅन चार्जर दोन्ही 65 वॅटचे. गॅनमध्ये म्हणजे गॅलियम नायट्राइडच्या ट्रान्झिस्टरमध्ये नुकसान कमी होतं, तरी लोकांची तक्रार असते की हा तर जास्त तापतो. जुना ठोकळा 10.8 बाय 4.6 बाय 2.9 सेंमीचा, क्षेत्रफळ 189. कार्यक्षमता 89 टक्के धरली तर 8 वॅट वाया, वाढ 42 अंश. नवा 4 बाय 4 बाय 6 सेंमीचा, क्षेत्रफळ 128, त्यातली भिंतीकडची बाजू सोडली तर 112. कार्यक्षमता 92 टक्के, वाया फक्त 5.65 वॅट, पण वाढ 50 अंश. वीज कमी वाया गेली आणि अंग त्याहून जास्त आकसलं. गॅन चार्जर थंड असतो असं दुकानदार सांगतो तेव्हा तो अर्धीच गोष्ट सांगत असतो.

हा भागाकार ढोबळ आहे, चार-पाच अंश इकडेतिकडे होतील. शिवाय ठोकळा सगळीकडून सारखा तापत नाही. आत ट्रान्सफॉर्मर आणि मॉस्फेट ज्या बाजूला असतात ती बाजू इतर बाजूंपेक्षा 5-10 अंश जास्त असते.

मग नॉर्मल म्हणजे किती

खोलीपेक्षा वाढ किती, या भाषेत सांगायचं तर जुना 5 व्होल्ट 1 अँपिअरचा चार्जर पूर्ण भारावर 15 ते 20 अंश वर जातो. 18 ते 33 वॅटचे फोनचे चार्जर 25 ते 35 अंश. 65 वॅटचे आणि त्यापुढचे, लॅपटॉपला जोडलेले, 35 ते 45 अंश, आणि फारच छोटे असतील तर 50 पर्यंत. फोनच्या चार्जरची वाढ 45 च्या पुढे गेली तर कारण शोधायला हवं. खोली कितीही गरम असो, बाहेरून 75 च्या पुढे गेलेला कोणताही ठोकळा तिथेच काढून ठेवावा.

हा 75 चा आकडा हवेतून आलेला नाही. अशा उपकरणांच्या सुरक्षेसाठी आयईसी 62368-1 हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात, सहज हात लागू शकतो पण धरून ठेवायची गरज नाही अशा प्लॅस्टिकच्या पृष्ठभागाला 77 अंशांची मर्यादा आहे. त्याच जागी धातू असेल तर 60. जी वस्तू मिनिटाहून जास्त वेळ हातात धरायची असते तिला 48. मानकाची चाचणी 25 अंशांच्या आसपासच्या खोलीत होते हेही लक्षात ठेवा. आधीच्या आयईसी 60950-1 मध्ये प्लॅस्टिकला 95 अंशांपर्यंत मुभा होती. आपल्याकडचं आयएस 13252 (भाग 1) त्यावरच बेतलेलं आहे, आणि बाजारातल्या पुष्कळ चार्जरांवर तोच क्रमांक छापलेला दिसतो. म्हणजे हाताला असह्य वाटलेला चार्जर कायद्याने पास झालेला असू शकतो.

धातू आणि प्लॅस्टिकच्या मर्यादेतला हा फरक स्वयंपाकघरात रोज दिसतो. स्टीलच्या पेल्यातला चहा धरवत नाही, तोच चहा प्लॅस्टिकच्या कपात असला तर आरामात धरता येतो. धातू आपली उष्णता बोटाला झटकन देतो, प्लॅस्टिक सावकाश. म्हणून हाताचा अंदाज प्लॅस्टिकच्या बाबतीत नेहमी कमीच येतो. अंदाजच घ्यायचा तर बोटांच्या मागच्या बाजूने घ्या. 45 अंशांचा ठोकळा मुठीत खुशाल धरून ठेवता येतो. 55 ला धरवतो, पण थोड्या वेळाने सोडावासा वाटतो. 60-65 ला चार-पाच सेकंदांत हात मागे येतो, आणि 70 च्या वर तो आपोआपच झटकला जातो. शेवटच्या वर्गात खोली 40 ची असेल तर कदाचित ठीक, 25 ची असेल तर नक्कीच गडबड.

रिकामा चार्जर, म्हणजे सॉकेटमध्ये लावलाय, बटण चालू आहे पण फोन जोडलेला नाही, तो जवळपास गारच असायला हवा. सहाव्या पातळीत 49 वॅटपर्यंतच्या चार्जरला रिकामं असताना जास्तीत जास्त 0.1 वॅट खायची परवानगी आहे. 100 मिलीवॅट भागिले 86, म्हणजे जेमतेम 1 अंश. पुढे दोष शोधताना हाच आकडा सगळ्यात कामाला येतो.

घरी मोजायची रीत

सगळ्यात भरवशाचं साधन म्हणजे तापमान मोजणारा मल्टिमीटर. त्यासोबत के-टाइप थर्मोकपल येतं, टोकाला बारीक मणी असलेली पातळ तार. तो मणी ठोकळ्याच्या सगळ्यात मोठ्या बाजूवर मधोमध ठेवून कागदी टेपने घट्ट चिकटवा. मणी हवेत उचललेला राहिला तर आकडा 10 अंशांनी कमी येतो आणि आपण निर्धास्त होतो.

इन्फ्रारेड गन असेल तर तीही चालते. प्लॅस्टिक पांढरं असो की काळं, एमिसिव्हिटीची, म्हणजे पृष्ठभाग किती उष्णता किरणांनी सोडतो त्याची, 0.95 ही सेटिंग पुरते. मात्र चकचकीत धातूच्या पट्टीवर किंवा चंदेरी स्टिकरवर रोखली तर ती चुकीचं वाचते. तिथे कागदी टेपचा तुकडा लावून त्यावर मोजा. गनवर 12:1 असं काही लिहिलेलं असेल तर 12 सेंमी अंतरावरून ती 1 सेंमीचा ठिपका वाचते. दोन फुटांवरून मोजलं तर चार्जरसोबत भिंतही मोजली जाते.

कोविडच्या काळात घरोघरी आलेलं कपाळाचं थर्मामीटर या कामाचं नाही. ते साधारण 43 अंशांच्या वर थांबतं. काहींमध्ये वस्तूचं तापमान मोजायचा वेगळा मोड असतो, तो असेल तर वापरा.

आता मोजणी. फोनची बॅटरी 20 टक्क्यांच्या खाली येऊ द्या. बॅटरी रिकामी असताना फोन जास्त वॅट खेचतो. 80 च्या पुढे चार्जिंग मंदावतं आणि चार्जर आपोआप निवतो. 90 टक्क्यांवर मोजून "चार्जर छान गार आहे" म्हणण्यात काही अर्थ नाही. चार्जर थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये लावा, एक्स्टेन्शन बोर्डात नको. केबल त्याच्यासोबत आलेलीच घ्या. पंखा त्याच्या अंगावर येत असेल तर बंद करा किंवा दिशा बदला, नाहीतर वाढ पाच-दहा अंशांनी कमी दिसेल. फोनची स्क्रीन बंद ठेवा.

खोलीचं तापमान चार्जरच्या उंचीवर, पण त्याच्यापासून दोन हात लांब मोजा. मग चार्जरचं तापमान 10, 20 आणि 30 मिनिटांनी लिहा. ठोकळ्याचं अंग तापायला वेळ लागतो, पाच मिनिटांचा आकडा फसवा असतो. 20 आणि 30 मिनिटांच्या आकड्यांत एक-दोन अंशांचाच फरक असेल तर चार्जर स्थिरावला. अजून चढत असेल तर आणखी 15 मिनिटं थांबा. शेवटच्या आकड्यातून खोलीचं तापमान वजा करा. उत्तर ही खरी वाढ.

फोन किती वॅट खेचतोय हे कळलं तर सोन्याहून पिवळं. त्यासाठी केबलच्या मध्ये लावायचा छोटा यूएसबी टेस्टर मिळतो, त्यावर व्होल्ट आणि अँपिअर दिसतात. भिंतीकडच्या बाजूचे वॅट मोजणारे स्वस्त मीटर इतक्या लहान भाराला बरेचदा चुकतात, त्यांच्यावर कार्यक्षमतेचा हिशेब उभा करू नका.

एक चार्जर तपासून बघू

वरचाच 18 वॅटचा चार्जर घ्या. नवा असताना वाढ 31 अंश होती. दोन वर्षांनी, खोली 29 अंशांना असताना, ठोकळा 74 वर गेला. वाढ 45. आता भागाकार उलटा करायचा: 45 गुणिले 86, म्हणजे साधारण 3.9 वॅट वाया जाताहेत. पूर्वी 2.7 होते. हा वरचा 1.2 वॅट कुठून आला ते शोधायचं.

पहिल्यांदा बघायचं की तापतंय नक्की कुठे. पिनांची बाजू अंगापेक्षा जास्त गरम असेल तर संशय सॉकेटवर. आपल्या 6 अँपिअरच्या सॉकेटची भोकं साधारण 5 मिमीच्या पिनांसाठी असतात, आणि पुष्कळ दोन पिनी चार्जरच्या पिना 4 मिमीच्या. त्या आत सैल बसतात, चार्जर स्वतःच्या वजनाने खाली लोंबतो, लावताना चर्र आवाज येतो. मात्र फोनचा चार्जर भिंतीतून इतका कमी प्रवाह घेतो की नुसत्या सैल पिनेने मोठी उष्णता होत नाही. पिना खरोखर चटका देण्याइतक्या तापल्या असतील तर तिथे ठिणग्या पडताहेत, किंवा त्याच बोर्डावर इस्त्री, हीटर असं काही चालू आहे आणि बोर्डच तापलाय. चार्जर दुसऱ्या खोलीतल्या घट्ट सॉकेटमध्ये लावून पुन्हा मोजलं की निकाल लागतो.

इथे समजू की सॉकेट बदलूनही वाढ 45 च राहिली. आता केबलसकट सगळं काढा, नुसता ठोकळा सॉकेटमध्ये लावा आणि 45 मिनिटांनी मोजा. रिकाम्या चार्जरला 1 अंश वाढ हवी. ती 9 अंश निघाली तर 9 गुणिले 86, म्हणजे पाऊण वॅटच्या वर वीज काहीही काम न करता आत जळते आहे. फोन जोडलेला नाही, केबल नाही, सॉकेट चांगला आहे. दोष ठोकळ्याच्या पोटात.

रिकामी वाढ 1 अंशच आली तर मात्र चार्जरला दोष देण्याआधी टेस्टर बघा. जुना फोन 10 वॅटच खेचत असेल आणि नवा पूर्ण 18 वॅट सतत खेचत असेल, तर चार्जर जास्त तापणं साहजिक आहे; जुनी नोंदच अर्ध्या भारावरची होती. केबल नुसती लटकवून ठेवल्यावर तापत असेल तर केबलच्या टोकात ओल किंवा जळका डाग बघा. टाइप-सी भोक असलेला चार्जर फोन जोडला जाईपर्यंत आउटपुट देतच नाही, त्यामुळे ही केबलची परीक्षा जुन्या चौकोनी यूएसबी-ए भोकाच्या चार्जरवरच चालते.

गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज 160-170 वर उतरतं तिथे एक गोष्ट ध्यानात घ्या. चार्जर 100 ते 240 व्होल्टवर चालतो, बंद पडत नाही, पण तेवढेच वॅट काढायला भिंतीतून जास्त प्रवाह ओढतो. ब्रिज आणि मॉस्फेट थोडे जास्त तापतात. दोन दिवसांच्या मोजणीत तीन-चार अंशांचा फरक आला तर आधी व्होल्टेज बघा.

पोटात काय बिघडतं

चार्जरमध्ये आधी म्हातारा होतो तो इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. त्यातलं द्रव उष्णतेने हळूहळू आटतं, त्याचा अंतर्गत रोध वाढतो, रोधामुळे तो स्वतः आणखी तापतो आणि द्रव आणखी लवकर आटतं. चक्र एकदा सुरू झालं की वेगाने फिरतं. बाहेरून याची खूण उष्णतेच्याही आधी फोनवर दिसू शकते: चार्जिंग चालू असताना टच वेडंवाकडं चालतं, बोट न लावता अक्षरं उमटतात, आणि चार्जर काढला की सगळं सुरळीत. आउटपुटचा डीसी स्वच्छ राहिलेला नाही, त्यात खरखर मिसळली आहे. केबल बदलूनही हे चालूच राहिलं तर कपॅसिटरवर संशय घ्यायला हरकत नाही.

बाहेरचं तापमान इतकं जपायचं कारणही हाच कपॅसिटर. ठोकळ्याच्या पोटात बाहेरच्यापेक्षा 20 ते 30 अंश जास्त असतात. कपॅसिटरवर 105 अंश आणि समजा 2000 तास असं लिहिलेलं असतं: त्या तापमानाला तो तेवढे तास टिकेल. तापमान दर 10 अंशांनी उतरलं की आयुष्य साधारण दुप्पट होतं. पोटात 75 अंश असतील तर 16,000 तास, 95 असतील तर 4,000. रोज तीन तास चार्जिंग धरलं तर पहिला चौदा वर्षांहून जास्त, दुसरा साडेतीन वर्षं.

हे 20 अंश वाढवायला फार काही करावं लागत नाही. लॅपटॉपचा अडॅप्टर गादीवर ठेवून वरून चादर ओढली की झालं. भागाकारातला पृष्ठभाग आपण हवेत उघडा धरला होता, कापडाने तोच अडवला. टीव्हीच्या कपाटामागे, सोफ्याच्या फटीत, पडद्याआड लावलेल्या चार्जरची तीच गत. अडॅप्टर फरशीवर उभा, अरुंद बाजूवर ठेवला तर दोन्ही मोठ्या बाजू मोकळ्या राहतात आणि आडव्यापेक्षा थोडा गार राहतो. फरशी थंड असेल तर आडवाही चालतो, कारण फरशीच उष्णता ओढून घेते. गादी ओढत नाही. बऱ्याच अडॅप्टरांच्या माहितीपत्रकात भोवतालची हवा 40 अंशांपर्यंतच धरलेली असते. चादरीखालची हवा त्याहून केव्हाच पुढे गेलेली असते.

फास्ट चार्जिंगच्या फोनसोबत आलेला ठोकळा जास्त तापतो आणि फोन मात्र फारसा तापत नाही, असा अनुभव असेल तर त्यात दोष नाही. काही पद्धतींत बॅटरीला हवं तेवढं व्होल्टेज बनवायचं काम फोनमधून काढून ठोकळ्याकडे दिलेलं असतं. पीपीएस पद्धतीत फोन ठोकळ्याला 20 मिलीव्होल्टच्या पायऱ्यांनी सांगत राहतो की आता एवढं दे, आता तेवढं. उष्णता जायचीच आहे, तर ती बॅटरीपासून लांब, भिंतीजवळ गेलेली बरी.

लगेच काढायचा केव्हा

काही खुणांना मोजणी करत बसू नये. मासळी सडल्यासारखा किंवा जळक्या प्लॅस्टिकचा वास. ठोकळ्याचा रंग एका जागी पिवळा-तपकिरी पडणं. सांधा उकलणं किंवा बाजू फुगणं. हलवल्यावर आत काहीतरी खुळखुळणं. कधी नव्हे ती मोठी गुणगुण. (इन्व्हर्टरवर काही चार्जर गुणगुणतात, वीज आल्यावर थांबले तर ती इन्व्हर्टरच्या लाटेची कमाल.) यांपैकी काहीही दिसलं तर आधी सॉकेटचं बटण बंद करा, मग चार्जर ओढा. तापलेल्या ठोकळ्याच्या पिना उघड्या पडलेल्या असू शकतात.

धातूच्या लॅपटॉपला हात लावल्यावर झिणझिण्या येतात त्याचा उष्णतेशी संबंध नाही. ते आतल्या एका गाळणी कपॅसिटरमुळे होतं, दोन पिनी अडॅप्टरवर जास्त जाणवतं. तो वेगळा विषय.

ठोकळा उघडून बघायचा मोह टाळा. चार्जर सॉकेटमधून काढल्यानंतरही आतला 325 व्होल्टचा कपॅसिटर भरलेला राहू शकतो, आणि चिकटवलेलं कवच फोडताना हात त्यालाच लागतो. शिवाय ट्रान्सफॉर्मरच्या दोन बाजूंमधलं अंतर आणि इन्सुलेशन हीच आपली सुरक्षा. ते हलवून, कवच पुन्हा फेव्हिक्विकने चिकटवून वापरलेला चार्जर मूळ दोषापेक्षा धोकादायक.

बदली घेताना वॅट आणि व्होल्ट जुळवा, आणि लेबलवर आर अक्षराने सुरू होणारा आठ आकडी नोंदणी क्रमांक शोधा. भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर या ॲपमध्ये तो टाकला की कोणत्या उत्पादकाला, कोणत्या वस्तूसाठी दिलाय ते दिसतं. लेबलवर 65 वॅट, हातात घेतल्यावर रिकाम्या डबीसारखा हलका, आणि क्रमांक ॲपमध्ये भलत्याच वस्तूचा निघाला तर तो दुकानातच ठेवून या.

नवा चार्जर आणला की पहिल्या आठवड्यात एकदा वरच्या रीतीने मोजा आणि कागदी टेपच्या तुकड्यावर तारीख, वॅट आणि वाढ लिहून लेबलाच्या बाजूला चिकटवा: "18 वॅट, +31, रिकामा +1". दोन वर्षांनी तो तापतोय असं वाटेल तेव्हा तुलना कशाशी करायची हा प्रश्न उरणार नाही.